खोक्याची पिन

माळशिरस तालुक्यात पालखी मार्गावर असलेल्या एका गावात गेली सव्वीस वर्षे माझे किराणा दुकान आहे आणि माझे वय त्रेपन्न आहे. फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२४ या नऊ महिन्यांत, वेळीच न ओळखलेल्या मधुमेहामुळे, माझ्या उजव्या पायाच्या तळव्याचे जे झाले, ते तारखांसकट येथे लिहीत आहे. त्या काळात मला नेमकी हीच माहिती हवी होती आणि ती मला तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक वेळा उशिरा मिळाली.

सुरुवात तहानेपासून झाली. फेब्रुवारीत आमच्याकडे ऊन चढू लागते, त्यामुळे तहान लागते यात मला वावगे वाटले नाही. दुकानातला पाण्याचा जार पूर्वी मला आणि मुलाला दीड दिवस पुरत असे, तो आता दुपारीच तळाला जाऊ लागला. त्यावरही तहान भागली नाही की मी फ्रीजमधली थंड पेयाची बाटली उघडत असे, आणि दिवसातून सहा-सात कप चहा तर ठरलेलाच होता. रात्री लघवीसाठी तीन-चार वेळा उठावे लागे. पाणी जास्त पितो म्हणून लघवी जास्त होते, असा हिशेब मी मांडला होता. तो हिशेब बरोबर उलटा होता, हे मला जुलैत कळले. मोरीत मुंग्या दिसू लागल्या, तेव्हा मी माझ्याच दुकानातली मुंग्यांची पावडर आणून तिथे टाकली.

थकवा मार्चपासून आला. साखरेचे पन्नास किलोचे पोते मी एकट्याने सरकवत असे, तेथे आता मुलाला हाक मारावी लागे. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागे. गुढीपाडव्याच्या सुमारास विजार सैल झाली, वजनकाट्यावर उभा राहिलो तर सात किलो कमी भरले. सौभाग्यवतींना बरेच वाटले, कारण माझे पोट सुटले म्हणून त्या मला नेहमी बोलत असत. एप्रिलच्या अखेरीस मालाच्या बिलावरचे आकडे अंधुक दिसू लागले, म्हणून तालुक्याला जाऊन चष्म्याचा नंबर बदलून घेतला आणि त्यासाठी अठराशे रुपये मोजले. तहान, लघवी, थकवा, वजन आणि डोळे या पाच गोष्टींना माझ्याकडे पाच वेगवेगळी कारणे तयार होती.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आदल्या वर्षी दिवाळीपूर्वी गावातल्या आशाताई दुकानात आल्या होत्या. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्या भरून घेत होत्या. वय, तंबाखू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घरात कोणाला शुगर किंवा बीपी आहे का, असे त्यात प्रश्न असतात आणि गुण चारपेक्षा जास्त झाले की त्या माणसाला आधी तपासणीला बोलावतात. मी डाळ तोलता तोलता उत्तरे दिली, कमरेला टेप लावू दिली नाही आणि आईला शुगर होती हे सांगितलेच नाही. "अण्णा, बुधवारी उपकेंद्रात या, बोटाचं एक थेंब रक्त, दोन मिनिटांचं काम आहे," असे त्या म्हणाल्या होत्या. मी दिवाळीनंतर येतो म्हणालो.

आता जखमेकडे येतो. आमच्या दुकानात मी कधी चप्पल घालून वावरलो नाही. दुकानात लक्ष्मी असते, चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची, ही वडिलांची शिकवण. बिस्किटांचे आणि साबणाचे पुठ्ठ्याचे खोके येतात, त्यांना तांबूस रंगाच्या रुंद पिना मारलेल्या असतात. खोका ओढून उघडला की त्या पिना उडून फरशीवर पडतात. केरसुणीने बऱ्याच निघतात, पण फरशीच्या फटीत अडकलेल्या राहतात.

२१ जून २०२४ रोजी वटपौर्णिमा होती. सकाळपासून दोरा, हळद-कुंकू आणि सुपारी घ्यायला गर्दी होती. दुपारी दोन वाजता सौभाग्यवती जेवायला बोलवायला आल्या आणि दारातच थांबल्या. "अहो, हे रक्त कुणाचं?" गल्ल्यापासून तेलाच्या डब्यांपर्यंत फरशीवर उजव्या पावलाचे डाग उमटले होते, आणि मी त्यांवरून चारदा ये-जा केली होती. पाय वर करून पाहिला, तर अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याचा जो जाड भाग टेकतो तेथे, एक बारीक छिद्र होते. दुखत नव्हते. दुखत नव्हते म्हणूनच मी निश्चिंत झालो. आज मागे वळून पाहताना सर्वांत मोठी चूक मला हीच दिसते, कारण ज्या गोष्टीने मी घाबरायला हवे होते, तिनेच मला धीर दिला.

हळद भरली, वर चिकटपट्टी लावली. तीन दिवसांनी कडा पांढरी दिसू लागली, म्हणून औषधाच्या दुकानातून जखमेच्या पाच गोळ्या आणि एक मलम आणले, एकशे वीस रुपये लागले. पालखी जवळ आली होती. आमच्या गावाचा वर्षाचा निम्मा गल्ला त्या तीन-चार दिवसांत जमतो, त्यामुळे शेंगदाणे, साबुदाणा, गूळ, काडेपेट्या असा माल भरण्याची धावपळ चालू होती. १ जुलैच्या रात्री थंडी वाजून ताप आला. सकाळी मुलाने पट्टी काढली तेव्हा वास आला. छिद्राच्या भोवती निळसर काळी कातडी होती, पाऊल सुजले होते आणि लाली घोट्यापर्यंत चढली होती. तेव्हाही दुखणे म्हणाल तर चप्पल चावल्याइतकेच होते.

२ जुलै, मंगळवारी सकाळी साडेनऊला आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचलो. केसपेपरला पैसे लागले नाहीत, राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून ते बंद झाले आहेत. आधार कार्ड मात्र सोबत ठेवावे. आमचे घरी राहिले होते, ते आणायला मुलाला परत पाठवावे लागले आणि त्यात पाऊण तास गेला. वैद्यकीय अधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी पायाकडे एक नजर टाकली आणि पायाविषयी काही न विचारता वेगळेच विचारले, "काका, तहान किती लागते? रात्री किती वेळा उठता?" मी उत्तर देईपर्यंत सिस्टरने बोटाला सुई टोचली होती. यंत्रावर साखरेचा आकडा आला ४१२.

त्या केंद्रात जे होण्यासारखे होते ते अर्ध्या तासात झाले. जखम सलाईनच्या पाण्याने धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, तापाची गोळी दिली आणि रेफर चिठ्ठी लिहिली. मी म्हणालो, पालखी झाल्यावर दाखल होतो. बाईंनी पेन घेतले आणि माझ्या पायावर, जेथे लाली संपत होती त्या रेषेवर, निळी खूण ओढली. "ही लाली या रेषेच्या वर किती चढते ते संध्याकाळी स्वतः बघा. पण बघायला घरी थांबू नका, हॉस्पिटलमध्ये बघा." संध्याकाळी ती दोन बोटे वर चढलेली होती. ही खूण फार उपयोगाची आहे, कोणालाही घरी करता येते आणि तिच्याशी वाद घालता येत नाही.

उपजिल्हा रुग्णालय आमच्यापासून चौतीस किलोमीटरवर आहे. पुतण्याच्या टेम्पोतून गेलो. तेथे पुन्हा केसपेपर, मग अपघात विभाग, मग भरतीचा कागद आणि पुरुष शल्य विभागात खाट, असा क्रम होता आणि त्याला तीन तास लागले. रेफर चिठ्ठीची झेरॉक्स आधीच काढून ठेवल्याचा फायदा झाला, कारण मूळ चिठ्ठी पहिल्याच खिडकीवर ठेवून घेतली आणि पुढच्या दोन ठिकाणी ती मागितली.

संध्याकाळी शल्यचिकित्सकांनी जी तपासणी केली, ती मी कधी पाहिली नव्हती. मला डोळे मिटायला सांगितले. मासे पकडण्याच्या दोऱ्यासारखा नायलॉनचा एक ताठ धागा ते पायाला टेकवत आणि तो वाकेपर्यंत दाबत. "लागलं की हो म्हणा." मी डाव्या पायावर सहा वेळा हो म्हणालो. उजव्या पायावर चार वेळा म्हणालो. डोळे उघडल्यावर त्यांनी सांगितले की दोन्ही पायांना दहा-दहा ठिकाणी स्पर्श केला होता. त्यानंतर त्यांनी अंगठ्यावर कंप पावणारा धातूचा चिमटा ठेवला, तो मला नुसता गार लागला. पावलाच्या वरच्या बाजूची नाडी मात्र दोन्हीकडे नीट लागत होती, आणि त्यावर ते पहिल्यांदाच समाधानाने मान हलवताना दिसले. रक्त पोहोचते आहे म्हणजे जखम भरण्याची शक्यता आहे. नाडी लागली नसती, तर आधी रक्तवाहिनीचे पाहावे लागले असते.

शेवटी त्यांनी एक बोथट सळई जखमेत घातली. ती किती आत जाते आणि तळाशी हाड लागते का, हे त्यांना पाहायचे होते. हाड लागले, तर हाडात जंतुसंसर्ग उतरला असण्याचा संशय बळावतो आणि उपचार आठवड्यांवरून महिन्यांवर जातात. सळई दोन सेंटीमीटर आत गेली, हाडाला लागली नाही, पण कशाला तरी अडली. मला एक्स-रेला पाठवले.

एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा अंगठ्याच्या हाडाशेजारी एक पांढरी, काटकोनात वाकलेली, अर्ध्या बोटाच्या पेराएवढी रेघ दिसत होती. डॉक्टरांनी विचारले, "काका, हे काय असेल?" मी लगेच ओळखले. खोक्याची पिन होती. अकरा दिवस मी तिच्यावर उभा राहून दुकान चालवले होते.

३ जुलैला सकाळी संमतीपत्रावर मुलाने आणि मी सही केली. त्यात बोट काढावे लागू शकते असेही लिहिलेले असते. ते वाचून हात थबकतो, पण न वाचता सही करू नये, आणि न कळलेले तेथेच विचारावे. बोट काढावे लागले नाही. पिन काढली, पू काढला, मेलेले मांस कापून जखम मोकळी उघडी ठेवली. टाके घातले नाहीत, कारण अशी जखम तळापासून वर भरत यावी लागते. पू तपासणीला पाठवला. शिरेतून अँटिबायोटिक सात दिवस चालले. हाडातला संसर्ग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर दिसतोच असे नाही, म्हणून आजचा एक्स-रे चांगला आला तरी तीन आठवड्यांनी पुन्हा काढायचा, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घेतले.

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी त्या आठवड्यात तेथे होत नव्हती, ती बाहेर साडेचारशे रुपयांत केली. साडेसहा किंवा त्यापुढे आली की मधुमेह धरतात, माझी १२.१ आली. मी म्हणालो, फेब्रुवारीपासूनचे दुखणे आहे. डॉक्टरांनी मान हलवली. पायांची संवेदना चार महिन्यांत जात नाही, साखर बहुधा कित्येक वर्षे वाढलेली असावी आणि ती फार वर गेल्यावरच तहान लागू लागली, असे त्यांचे मत पडले.

तहानेचे कोडे त्यांच्याबरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांनी सोडवले, तेही माझ्या धंद्याच्या भाषेत. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही आणि ती लघवीत उतरते. "पावसाळ्यात साखरेचं पोतं उघडं राहिलं तर काय होतं, काका?" ओलावा ओढून ओले होते. लघवीतली साखरही तसेच पाणी ओढून घेते. म्हणजे लघवी आधी वाढते आणि तहान तिच्यामागून येते. त्या तहानेवर मी थंड पेय पीत होतो, म्हणजे पुन्हा साखरच. आणि खाल्लेले अन्न वापरले न जाता साखरेच्या रूपाने वाहून जात होते, म्हणून वजन उतरले आणि अंगात बळ राहिले नाही. मोरीतल्या मुंग्यांचेही तेच कारण. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर एक चमचाभर, पाच ग्रॅमच्या आसपास असते, असेही त्यांनी सांगितले. घरी आल्यावर मी इलेक्ट्रॉनिक काट्यावर कागद ठेवून पाच ग्रॅम साखर तोलली, आणि शेजारी ४१२ च्या हिशेबाने वीस ग्रॅम. पाच ग्रॅमचा ढीग नाण्याखाली झाकला गेला. दुसरा झाकला गेला नाही.

रुग्णालयातल्या अकरा दिवसांत इन्शुलिन सुरू झाले, सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या अर्धा तास आधी पोटाच्या कातडीत. सुई फारच बारीक असते, तिचे दुखणे सांगण्याजोगे नाही. एक बाब मात्र प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्शुलिनच्या बाटलीत बहुधा एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यासाठी ४० खुणांचीच, लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० ची सिरिंज वेगळी, तिचे टोपण नारिंगी. डिस्चार्जच्या दिवशी औषधाच्या दुकानात मला नारिंगी टोपणाची दिली होती. सोळा युनिटच्या खुणेपर्यंत मी तिने औषध भरले असते, तर प्रत्यक्षात साडेसहाच्या आसपासच गेले असते. उलट चूक झाली, इन्शुलिन पेनच्या १०० च्या कार्ट्रिजमधले औषध ४० च्या सिरिंजने घेतले, तर अडीच पट डोस जातो आणि ते जिवावर बेतू शकते. सिस्टरने बाटली आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा मला मोठ्याने वाचायला लावला होता, म्हणून मी काउंटरवरूनच ती परत केली.

१३ जुलै, शनिवारी घरी आलो. रुग्णालयात खाट, शस्त्रक्रिया, औषधे यांचे काही लागले नाही. टेम्पोचे डिझेल, सोबत राहणाऱ्या मुलाचे जेवण, बाहेरची एक तपासणी आणि साखर तपासण्याचे यंत्र मिळून साडेचार हजारांच्या घरात खर्च झाला. पालखीचा गल्ला बुडाला तो वेगळा. पुतण्याने आणि घरच्यांनी दुकान उघडे ठेवले होते, पण कोणता माल कुठे ठेवला आहे हे फक्त माझ्या डोक्यात होते.

निघताना डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हा अतिशयोक्ती वाटली. "ड्रेसिंग आम्ही करू, साखर इन्शुलिन करेल. पण भार तुम्हाला काढावा लागेल. या पायावर टाकलेलं प्रत्येक पाऊल म्हणजे जखम पुन्हा चिरडणं." ज्याला दुखते तो आपोआप लंगडतो आणि जखमेला विसावा मिळतो. मला दुखत नसल्यामुळे मी सरळ चालत होतो. त्यांनी जखमेभोवती जाड फेल्टची गादी कापून चिकटवली, मध्ये जखमेच्या आकाराचे भोक ठेवून. शिवाय पुढचा भाग जमिनीला टेकणार नाही अशी, फक्त टाचेवर भार घेणारी सँडल बाहेरून घ्यायला लावली, तिला साडेतेराशे रुपये पडले. ती घालून चालताना माणूस बदकासारखा दिसतो. पोरे हसली, पण त्याचीही सवय झाली.

दुकानाची मांडणी बदलली. रोज खपणारा माल गल्ल्याच्या हाताशी आणला, मी स्टुलावर बसून उजवा पाय तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेवू लागलो आणि गिऱ्हाइकांना सांगितले की वरच्या फळीवरचे स्वतः काढून घ्या. ड्रेसिंग दिवसाआड आरोग्य केंद्रात होत असे. तेथे सकाळी साडेआठला पोहोचले तर अर्ध्या तासात सुटका होते, दहानंतर गेले तर लसीकरणाच्या दिवशी बारा वाजतात. दर शनिवारी सिस्टर कागदी पट्टीने जखमेची लांबी-रुंदी मोजून कार्डावर लिहीत. डिस्चार्जला साडेतीन बाय दोन सेंटीमीटर होती, ऑगस्टच्या मध्याला दोन बाय एक. जखम भरते आहे की नाही हे रोज पाहून कळत नाही, आठवड्याच्या आकड्यांवरून कळते, म्हणून मोजायला सांगावे. २४ जुलैचा दुसरा एक्स-रे स्वच्छ आला.

जुलैच्या अखेरीस एका सकाळी इन्शुलिन घेतले आणि तेवढ्यात मालाची गाडी आली. न्याहारी राहून गेली. पाऊण तासाने हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला आणि समोरचा मुलगा किती पैसे देतो आहे ते मला मोजता येईना. यंत्रावर ५८ दिसले. सत्तरच्या खाली गेले की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि मग काहीतरी खायचे, हे शिकवलेले होते. दुसऱ्यांदा ८६ आले. तेव्हापासून गाडी दारात उभी राहिली तरी आधी भाकरी खातो. भाकरीचा विषय निघाला म्हणून सांगतो, ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही ही समजूत मी यंत्रावरच मोडून पाहिली. दोन भाकऱ्यांनंतर दोन तासांनी २३०, एक भाकरी आणि भरपूर भाजी-उसळ घेतल्यावर १६०. गुळाचा चहा चालतो का, असे आता गिऱ्हाईक मलाच विचारते. चालत नाही. गूळ मी विकतो, त्यामुळे माझ्या या उत्तरावर विश्वास बसायला हरकत नाही.

७ सप्टेंबरला गणपती बसले आणि तेथे मी घसरलो. आदल्या तीन दिवसांची गर्दी, मुलगा कॉलेजला, म्हणून टाचेची सँडल काढून साध्या सपातांवर उभा राहिलो, कारण त्या सँडलने शिडीवर चढता येत नाही. जखम तेव्हा मटाराएवढी उरली होती. पुढच्या शनिवारी सिस्टरने पट्टी काढली तर भोवती पिवळा कडक घट्टा आला होता आणि त्याखाली रक्ताचा काळा डाग. डॉक्टरांनी घट्टा ब्लेडने खरवडला, तेव्हा खाली जखम पुन्हा दीड सेंटीमीटरची निघाली. तळव्यावर घट्टा दिसला की पाय बळकट झाला असे आपण समजतो. बधिर पायावर तो आत चाललेल्या दाबाची खूण असतो, आणि त्याखाली काळसर डाग दिसला तर त्याच दिवशी दाखवायचे असते. त्या तीन दिवसांनी माझे पाच आठवडे खाल्ले.

सप्टेंबरात एक आठवडा केंद्रात साखरेवरच्या मेटफॉर्मिन या गोळीचा साठा संपला होता आणि गोळ्या बाहेरून घ्याव्या लागल्या. तेव्हापासून महिन्याच्या गोळ्या आठ दिवस शिल्लक असतानाच आणायला जातो. याच महिन्यात डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घेतला. साखरेने पडदा बिघडण्याची किंचित सुरुवात आहे, दर वर्षी पाहावे लागेल. आणि एप्रिलमध्ये केलेला तो अठराशेचा चष्मा निरुपयोगी ठरला. साखर फार वाढलेली असताना डोळ्यातले भिंग फुगून नंबर बदलतो आणि साखर उतरली की पुन्हा बदलतो. जुना चष्मा मी फेकला नव्हता, तोच आता लागू पडतो. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करू नये.

८ ऑक्टोबरची एचबीएवनसी ७.६ आली. इन्शुलिन टप्प्याटप्प्याने कमी करून थांबवले, गोळ्या चालू आहेत. २२ ऑक्टोबरला, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सोळाव्या आठवड्यात, सिस्टरने कार्डावर आकड्यांच्या जागी "बंद" असे लिहिले. त्या जागची कातडी पातळ असते आणि तेथेच पुन्हा फुटण्याची शक्यता अधिक असते. संवेदना परत आलेली नाही, ती येईल असे कोणी म्हटलेलेही नाही. त्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी तळवे पाहतो. वाकता येत नाही, म्हणून दाढीचा आरसा जमिनीवर ठेवतो, आणि दर शनिवारी सौभाग्यवती बोटांच्या बेचक्या पाहतात.

चपलेचा प्रश्न राहिला होता. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या, ज्यांना सारे एमसीआर चप्पल म्हणतात त्या, मी दोन जोड घेतल्या, मागे पट्टा असलेल्या. एक जोड बाहेरची. दुसरी फक्त दुकानातली, तिने उंबरा ओलांडायचा नाही. घरातून विरोध होईल असे वाटले होते. सौभाग्यवतींनी ती जोड आधी धुतली, पुसली आणि मगच उंबऱ्याच्या आत ठेवली. लक्ष्मीपूजनाला मी ती घालूनच पाटाशेजारी बसलो. चप्पल घालण्यापूर्वी ती उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवून पाहायचे, कारण खडा आत असला तरी पायाला कळणार नाही, हाताला कळेल.

मुलाने जुन्या स्पीकरचे लोहचुंबक काठीला बांधून दिले आहे. दुकान बंद करताना मी स्टुलावर बसून ते फरशीच्या फटींवरून फिरवतो. पहिल्या संध्याकाळी सतरा पिना निघाल्या.